चौथ्या वाक्यातली दिलजमाई

मनुष्यबळ खात्यातल्या नोकरीसाठी आलेले अर्ज सलग वाचत बसलं की आपल्या कारखान्यांत आणि कचेऱ्यांत केवढं सौख्य नांदतंय याचा साक्षात्कार होतो. भांडणं होतात, नाही असं नाही. पण ती टिकत नाहीत. ‘तुम्ही सोडवलेला कामाच्या ठिकाणचा एखादा वाद सांगा’ असा एक प्रश्न बहुतेक अर्जांत असतो आणि उत्तराला अडीचशे शब्दांची जागा. पहिल्या वाक्यात दोन सहकारी हमरीतुमरीवर आलेले असतात. दुसऱ्या वाक्यात अर्जदाराचा प्रवेश होतो. तिसऱ्यात तो दोघांना चहाला घेऊन जातो आणि ‘दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेतो’. चौथ्या वाक्यात, जुन्या कौटुंबिक सिनेमाच्या शेवटच्या रिळात व्हावी तशी, दिलजमाई होते. उरलेल्या दोनशे शब्दांत अर्जदाराच्या स्वभावाचं वर्णन असतं.

मी निवृत्त होण्याआधी आणि नंतरही निवड समितीवर बसून असे पुष्कळ अर्ज वाचले आहेत. माझ्या उमेदीच्या काळात आमच्या खात्याला पर्सोनेल म्हणत. माझ्या वरिष्ठांच्या काळी त्याच खुर्चीवर लेबर ऑफिसर बसायचा. पुढे एचआर आलं. पाट्या बदलल्या, चहा मात्र कायम राहिला. अर्जांमध्ये इतका चहा प्यायला जातो की वाचणाऱ्याला पित्त व्हावं.

असा प्रश्न अर्जात विचारतातच कशाला? त्याचं बरंचसं श्रेय जॉन फ्लॅनगन नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाला जातं. दुसऱ्या महायुद्धात हा गृहस्थ तिथल्या हवाई दलासाठी वैमानिकांच्या निवडीचं काम पाहत होता. प्रशिक्षणातून काढून टाकलेल्या मुलांच्या कागदांवर कारणं काय लिहिली आहेत ते त्याच्या लोकांनी तपासलं. निघालं काय, तर ‘उड्डाणाची अंगभूत क्षमता नाही’, ‘स्वभाव अयोग्य’ अशी ठोकळेबाज वाक्यं. मुलानं विमानात नेमकं काय केलं, त्याचा पत्ता नाही. म्हणून पुढे या मंडळींनी गुण-दोष विचारणं सोडलं आणि प्रसंग विचारायला सुरुवात केली. काय घडलं, त्या माणसानं काय केलं, त्याचा परिणाम काय झाला, एवढंच. ही पद्धत फ्लॅनगननं १९५४मध्ये लेख लिहून मांडली. तेव्हापासून सगळे प्रसंग विचारतात आणि अर्जदार उत्तरात पुन्हा आपले गुण लिहितात.

अर्ज वाचणारा माणूस शोधत असतो ते वेगळंच. वाद मिटला याचं त्याला फारसं अप्रूप नसतं, कारण वाद नुसता कंटाळूनही मिटतो. कधी एकाची बदली होते, कधी दिवाळीची सुट्टी लागते. त्याला बघायचं असतं की अर्जदारापुढे दोन-तीन वाटा होत्या तेव्हा त्यानं कोणती धरली, आणि जी सोडली ती का सोडली. माणसं हाताळण्याची समज कागदावर दिसते ती तिथे.

आणि ती नसलेलीही तिथेच दिसते. एका अर्जात एका गृहस्थांनी मोठ्या अभिमानानं लिहिलं होतं की एका महिला कर्मचाऱ्याची वरिष्ठाविरुद्ध ‘गैरवर्तनाची तक्रार’ होती. ‘मी दोघांना एकत्र बसवलं, गैरसमज दूर केला आणि प्रकरण बाहेर जाऊ दिलं नाही.’ ते बाहेर जाऊ न देता सविस्तर आमच्याकडे पाठवलं होतं, विभाग आणि महिन्यासकट. अशा तक्रारीत एचआरच्या माणसानं चहा मागवायचाच नसतो. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यानं ती अंतर्गत समितीकडे जायची असते. समेट करायचा तर तो त्या स्त्रीनं स्वतः मागितला तरच, आणि पैसे देऊन केलेला समेट तिथे चालत नाही. तक्रारीतली नावं, ओळख पटेल असे तपशील उघड करायलाही तोच कायदा मनाई करतो. म्हणजे या गृहस्थांनी वाद सोडवताना एक चूक केली होती आणि अर्ज भरताना दुसरी. कोणता वाद आपला नाही हे ओळखणं ही या धंद्यातली पहिली पायरी आहे, आणि अर्जासाठी प्रसंग निवडतानाच ती चढावी लागते.

हे सगळं आठवायला कारण माझी भाची. ती चाकणजवळच्या एका कारखान्यात एचआर एक्झिक्युटिव्ह आहे आणि वरच्या जागेसाठी दुसरीकडे अर्ज करत होती. तिनं मला मजकूर पाठवला. “मामा, जरा बघ ना. आज रात्री पाठवायचाय.” मी बघितलं. दोन सुपरवायझर, शिफ्ट बदलताना कडाक्याचं भांडण, भाचीचा प्रवेश, संवाद, सलोखा. चहाच्या जागी कॉफी होती, एवढाच पिढीचा फरक.

मी तिला फोन लावला आणि विचारलं, “खरंच कॉफी प्यायले ते?”

“छे! अण्णा कॉफी पीत नाहीत. आणि दोघं एका टेबलाला अजून बसत नाहीत.”

“मग मिटलं कसं?”

“ते मोठं आहे मामा. अडीचशे शब्दांत बसणार नाही.”

अडीचशे शब्दांत न बसणारं जे होतं तेच अर्जात हवं होतं. ते तिनं सांगितलं, आणि इथे मी ते ऐसपैस सांगतो, कारण मला शब्दमर्यादा नाही.

कारखान्यात ॲल्युमिनियमच्या ओतीव पंप-बॉडीचं मशिनिंग चालतं. कास्टिंग येतं, सीएनसी मशिनवर त्याला ५० मिलिमीटर व्यासाचा बोअर पडतो, मग वॉशिंग मशिनमध्ये धुणं, मग फायनल इन्स्पेक्शन. पहिली शिफ्ट सकाळी सात ते साडेतीन, दुसरी साडेतीन ते रात्री बारा. पहिल्या शिफ्टचे सुपरवायझर म्हणजे अण्णा. कारखान्याचं भूमिपूजन पाहिलेल्या मोजक्या लोकांपैकी. दुसऱ्या शिफ्टला डिप्लोमा करून आलेला तिशीतला तरुण. एक दिवस साडेतीनला त्या तरुणानं रिजेक्ट मालाची ट्रे अण्णांच्या पायाशी आणून आदळली आणि सगळ्या ऑपरेटरांसमोर ओरडला, “तुमचा कचरा किती दिवस माझ्या नावावर टाकणार?” अण्णांनी लॉगबुक भिरकावलं. दुसऱ्या दिवसापासून अण्णा साडेतीनच्या ठोक्याला निघून जायला लागले, हँडओव्हर बंद. ऑपरेटरांत दोन तट पडले. प्रॉडक्शन मॅनेजरांनी भाचीला सांगितलं, “त्या पोराला शो-कॉज द्या. आजच्या आज.”

इथे पहिली वाट फुटते. शो-कॉज दिली असती तर मॅनेजर खूश झाले असते आणि फाइलही नीट लागली असती. भाचीनं आधी एकच गोष्ट खात्रीनं विचारून घेतली: कोणाचा हात कोणाला लागला का? लागला असता तर ते भांडण राहिलं नसतं. मारामारी हे स्थायी आदेशांनुसार गैरवर्तन आहे आणि तिथे चौकशीच करावी लागते, समजूत नाही. हात लागला नव्हता. मग तिनं मॅनेजरांकडून आठ दिवस मागून घेतले. “नोटीस देणार नाही असं म्हणत नाहीये सर. नंतरही देता येईल. पण एकदा दिली की परत घेता येणार नाही.” मला हे वाक्य आवडलं. तिच्या मजकुरात ते नव्हतंच.

दुसरी वाट: आधी कोणाला भेटायचं? ती अण्णांना आधी भेटली. ते बरोबर होते असं तिला वाटलं म्हणून नव्हे. चारचौघांत अपमान त्यांचा झाला होता, आणि ती आधी तरुणाकडे गेली असती तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत ‘मॅडम त्याच्या बाजूच्या’ हे कँटीनभर झालं असतं. आणि भेटली ती केबिनमध्ये बोलावून नाही. कारखान्यात एचआरच्या काचेच्या केबिनमध्ये माणूस बसलेला दिसला की बाहेरचे त्याला शिक्षा सुनावून मोकळे होतात. ती दुपारी अडीचला लाइनवर गेली आणि म्हणाली, “अण्णा, मला हा पार्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत दाखवता का? मी आजवर नीट बघितलाच नाही.”

अण्णांनी तासभर दाखवला. भांडणाचा विषय तिनं काढला नाही, पण साडेतीनला निघताना अण्णांनी स्वतःच काढला. “माझ्या हातात प्रत्येक पीसला गेज जातंय मॅडम. मी खराब माल पुढे ढकलत नाही.” आणि तिनं पाहिलंही होतं, गेज खरोखर जात होतं. पण तिला आणखी एक गोष्ट दिसली. साडेतीन वाजले तेव्हा धुवायच्या रांगेत अण्णांच्या शिफ्टचे पस्तीस-चाळीस पीस उभे होते. ते धुऊन, वाळून, इन्स्पेक्शनच्या टेबलावर जाणार साडेचारला. तेव्हा शिफ्ट दुसऱ्याची.

तरुणाला ती त्याच रात्री नऊला, जेवणाच्या सुट्टीनंतर भेटली. एचआरचं माणूस रात्री नऊला लाइनवर बघून त्याला आधी नोटीसच आली असं वाटलं. तिनं ‘तू ओरडलास का?’ असं विचारलं नाही. “त्या ट्रेमध्ये काय होतं?” एवढंच विचारलं. त्यानं खिशातून डायरी काढली. महिन्यांचा हिशोब होता. रिजेक्शनचा आकडा ज्या शिफ्टमध्ये माल तपासला जातो त्या शिफ्टच्या नावावर पडतो आणि महिनाअखेरीला नोटीस बोर्डावर लागतो. पगारवाढीच्या कागदातही जातो. त्याच्या शिफ्टचा माल मात्र रात्री बाराच्या आत त्याच्याच नावावर तपासून संपतो, कारण कूलंट लागलेलं ॲल्युमिनियम रात्रभर ठेवलं तर डाग पडतात. म्हणजे अण्णांचा शेवटचा तास त्याच्या गळ्यात आणि त्याचा शेवटचा तासही त्याच्याच.

आता दोघंही खरं बोलत होते, ही मोठी पंचाईत. एक खोटं बोलत असता तर एचआरचं काम सोपं होतं.

ती क्वालिटीच्या माणसाकडे गेली आणि म्हणाली, शेवटच्या तासाच्या मालावर खडूची खूण करू या. तो म्हणाला, खडू धुण्यात जाईल, पेंट मार्कर घ्या. पहिल्या शिफ्टच्या शेवटच्या तासाला निळी खूण, दुसऱ्या शिफ्टच्या शेवटच्या तासाला पिवळी. दोन्हीकडे खूण करायची हे भाचीनं आग्रहानं ठरवलं. नुसती निळी केली असती तर अण्णांवर पाळत ठेवली असा अर्थ निघाला असता, आणि तो बरोबरच असता. सहा दिवस खुणा केल्या. दुसऱ्या शिफ्टच्या नावावर पडलेल्या ३१ रिजेक्ट पीसपैकी १९ निळे निघाले, ४ पिवळे.

मग गेज जात कसं होतं? उत्तर क्वालिटीच्या माणसानं दिलं. सकाळी बसवलेलं इन्सर्ट दुपारपर्यंत झिजतं, बोअर किंचित लहान पडत जातो आणि मापाच्या खालच्या टोकाला येऊन टेकतो. त्यात मशिनवरून उतरलेला पीस गरम असतो. ॲल्युमिनियम गार होताना आक्रसतं; ५० मिलिमीटरचा बोअर १५ अंशांनी गार झाला की सुमारे १७ मायक्रॉननं लहान होतो. अण्णांच्या हातात गरम पीसमध्ये गेज जायचं. तासाभरानं इन्स्पेक्शनच्या टेबलावर त्याच पीसमध्ये तेच गेज अडायचं. कोणी कोणाला फसवत नव्हतं. पीसच्या तापमानानं दोघांना झुंजवलं होतं आणि नोटीस बोर्डावरच्या तक्त्यानं त्याला साथ दिली होती.

शंभर वर्षांपूर्वी मेरी पार्कर फॉलेट या अमेरिकी विदुषीनं हार्वर्डच्या ग्रंथालयातला एक साधा किस्सा सांगितला होता. छोट्या खोलीत एकाला खिडकी उघडी हवी, फॉलेटबाईंना बंद. त्यांनी शेजारच्या रिकाम्या खोलीची खिडकी उघडली. कोणी हरलं नाही, कोणी अर्धी खिडकी पत्करली नाही; त्याला हवा हवी होती आणि बाईंना अंगावर वारा नको होता, दोन्ही झालं. आमच्या गोष्टीत शेजारची खोली म्हणजे तो तक्ता. पण ती खिडकी उघडण्याआधी एक नाजूक काम बाकी होतं, आणि मला विचाराल तर भाचीची खरी समज तिथे दिसली.

१९ निळे पीस हातात होते. मॅनेजर म्हणाले, दोघांना मीटिंगला बोलवा आणि टेबलावर मांडा. तसं केलं असतं तर भौतिकशास्त्र जिंकलं असतं आणि अण्णा कायमचे गेले असते. भाचीनं मीटिंगच्या आदल्या दिवशी क्वालिटीच्या माणसाला एकट्याला अण्णांकडे पाठवलं, निळे पीस आणि गेज घेऊन. स्वतः गेली नाही. अण्णांनी गेज घालून पाहिलं, अडलं. पीस हातात धरून बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “इन्सर्ट दुपारी बदलायला पाहिजे. पण बदललं की सेटिंगला वीस मिनिटं जातात, आणि तुम्ही आकडा मागता.” दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये हीच सूचना अण्णांनी मांडली. आपली म्हणून. तरुणाला आदल्या दिवसाचं ठाऊक नव्हतं, आणि त्याला ते कळण्याचं कारणही नव्हतं.

ठरलं ते असं. रिजेक्शन माल तपासला त्या वेळेच्या नव्हे, तयार झाला त्या वेळेच्या शिफ्टवर पडेल. इन्सर्ट शिफ्टप्रमाणे नाही, ठरावीक पीसनंतर बदलायचं, आणि त्या वीस मिनिटांचा माल टार्गेटमधून वजा. गेज लावायचं ते पीस गार झाल्यावर. दुसऱ्या शिफ्टचा सुपरवायझर साडेतीनऐवजी तीन-वीसला येईल, दोघं मिळून शेवटचा पीस तपासतील आणि लॉगबुकवर दोघांच्या सह्या होतील. इन्सर्टचा खर्च वाढला, त्यावर मॅनेजर अजून कुरकुरतात. तरुणाला भाचीनं एकट्याला बसवून सांगितलं की तुझा हिशोब बरोबर होता, ट्रे आदळणं चुकीचं. पुढच्या वेळी डायरी माझ्याकडे आण, ट्रे नको. माफी मागायला लावली नाही. मागायला लावलेली माफी ऐकायला अण्णाही थांबले नसते.

“आणि आता?” मी विचारलं.

“आता काही नाही. रिजेक्शन उतरलं. तीन-वीसला दोघं उभे राहतात, सह्या करतात, एक अक्षर बोलत नाहीत. हे अर्जात कसं लिहू? वाद सुटला असं कोण म्हणेल?”

मी म्हटलं, हेच लिही. वाचणाऱ्याला ही गोष्ट खरी वाटेल ती याच वाक्यामुळे. रोज सह्या करणारी आणि एकमेकांशी न बोलणारी दोन माणसं कोणी कल्पनेनं रचत नाही. रचणारा त्यांना कॉफी पाजतो.

मग आम्ही फोनवरच मजकूर छाटायला बसलो. अर्ज इंग्रजीत होता, पण आशय असा उतरला: ‘शिफ्ट बदलताना दोन सुपरवायझरांत जाहीर खडाजंगी झाली. धाकट्याला नोटीस द्यावी अशी मागणी होती. शारीरिक इजा झाली नसल्याची खात्री करून मी आठ दिवसांची मुदत घेतली, कारण नोटीस परत घेता येत नाही. दोघांना त्यांच्या कामाच्या जागी, वेगवेगळं भेटले. अपमान ज्येष्ठांचा झाला होता म्हणून त्यांना आधी. मुळाशी माणसं नव्हती, नोंदीचा नियम होता: एका शिफ्टचा माल दुसऱ्या शिफ्टच्या नावावर तपासला जात होता. दोन्ही शिफ्टच्या मालावर सहा दिवस खुणा करून ते पडताळलं. निष्कर्ष ज्येष्ठांना मीटिंगआधी एकांतात दाखवण्याची व्यवस्था केली. उपाय त्यांनीच सुचवला. नियम बदलला, रिजेक्शन कमी झालं, हँडओव्हर पुन्हा सुरू झाला. दोघांची मैत्री झालेली नाही. तशी अपेक्षाही नव्हती.’

कारखान्याचं नाव नाही, माणसांची नाही, पार्टचंही नाही. मी तिला एक शेवटची परीक्षा सांगितली, जी मी स्वतः असे परिच्छेद वाचताना लावत असे. हा मजकूर उद्या त्या दोघांच्या हाती पडला असं समज. त्यांना आपण यात दिसतो असं वाटलं पाहिजे, आणि आपल्याला विकून हिनं नोकरी मिळवली असं वाटता कामा नये. ज्या अर्जात दोन मूर्ख आणि मधे एक शहाणा अर्जदार असतो, तिथे मी त्या दोन मूर्खांच्या बाजूनं असे.

तिनं पुन्हा एकदा सगळं वाचून काढलं. सुरुवातीला तिनं अण्णांबद्दल ‘अनुभवी पण हट्टी’ असं लिहून ठेवलं होतं, ते माझ्या नजरेतून सुटलं होतं. तिथे ती थांबली. ‘पण हट्टी’ खोडलं. शब्दमर्यादेत दोन शब्दांची जागा झाली. तिथे आता गुण लिहिणार, अशी माझी धास्ती. तिनं खाली, पडताळणीच्या वाक्यात, ‘क्वालिटीच्या सहकाऱ्यामुळे’ असं घातलं आणि अर्ज पाठवून दिला.